जोडी नसलेला आकडा

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत वर्षानुवर्षं विचारला जाणारा एक प्रश्न असा: आकड्यांची एक यादी दिली आहे. तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर दोनदा आलाय, एकच आकडा मात्र एकदाच आलाय. तो कोणता? सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लीटकोड’ या साइटवर हा १३६ व्या क्रमांकाचा प्रश्न आहे आणि त्याच्यावर ‘सोपा’ असा शिक्का आहे. कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलांना त्याचं उत्तर तोंडपाठ असतं.

ऐकायला तो खरंच सोपा वाटतो. यादी छोटी असेल तर शाळकरी पोरगंही कागदावर जोड्या खोडत जाऊन उत्तर काढील. मेख आहे ती प्रश्नाला जोडलेल्या दोन अटींत. पहिली अट, यादी दुप्पट झाली तर कामही दुपटीहून वाढता कामा नये. दुसरी अट, यादी कितीही लांबो, जास्तीची मेमरी ठरावीकच वापरायची.

या अटी कशाला हव्यात ते मोठ्या यादीवर कळतं. समजा, यादीत साधारण दहा लाख आकडे आहेत. प्रत्येक आकडा उचलायचा आणि त्याची जोडी सगळ्या यादीत शोधायची असं म्हटलं, तर तुलनांची संख्या दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटीच्या घरात जाऊ शकते. आधी यादी चढत्या क्रमाने लावली तर जोड्या शेजारी शेजारी येतात आणि काम पुष्कळ हलकं होतं. पण क्रम लावण्याचा खर्च यादीच्या लांबीपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे पहिली अट मोडते. तिसरा मार्ग बहुतेकांना लगेच सुचतो: भेटलेले आकडे एका संचात टाकत जायचे आणि पुन्हा भेटला की काढून टाकायचा. शेवटी उरेल तो एकटा. व्यवहारात हे उत्तर चांगलंच आहे, नोकरीत कोणी असं लिहिलं तर त्यात खोट काढायचं कारण नाही. पण यात मधल्या एखाद्या क्षणी पाच लाखांपर्यंत आकडे साठवून ठेवावे लागू शकतात. एका आकड्याला चार बाइट धरले तरी वीस लाख बाइट होतात, आणि संचाची मांडणी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त जागा खाते.

मुलाखत घेणाऱ्याला हवं असलेलं उत्तर चार बाइटांत बसतं.

```
def ekta(yadi):
    r = 0
    for x in yadi:
        r = r ^ x
    return r
```

यातली सगळी करामत `^` या चिन्हात आहे. शाळेत आणि एक्सेलमध्ये हे चिन्ह घातांकाचं असतं. पायथन, सी, जावा या भाषांत त्याचा अर्थ साफ निराळा आहे. तिथे `2^3` चं उत्तर ८ नसून १ येतं. या क्रियेला एक्सॉर म्हणतात. ती आकड्याकडे आकडा म्हणून पाहतच नाही. कॉम्प्युटरच्या आत आकडा शून्य आणि एक यांच्या ओळीत साठवलेला असतो. एक्सॉर अशा दोन ओळी एकाखाली एक ठेवते आणि प्रत्येक जागी एवढंच विचारते: वरचा आणि खालचा बिट वेगळे आहेत का? वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. हातचा नाही, उसनं घेणं नाही, एका जागेचा दुसऱ्या जागेशी काही संबंध नाही.

जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात, त्यांची जोडणी नेमकी याच नियमाने चालते. कुठलंही बटण दाबा, दिव्याची अवस्था पालटते, आणि दोनदा दाबलं की दिवा पूर्वी होता तसाच होतो. मधे कोणी दुसरं बटण दाबून गेलं तरी या दोन दाबांचा परिणाम शून्यच. एक्सॉरमध्येही तेच होतं. कुठलाही आकडा स्वतःशीच एक्सॉर केला की शून्य मिळतं, शून्याशी केला की तो आकडा जसाच्या तसा राहतो, आणि क्रम कसाही बदलला तरी उत्तर बदलत नाही. म्हणून जोडीतले दोन आकडे यादीच्या दोन टोकांना असले तरी एकमेकांना खाऊन टाकतात.

प्रत्यक्ष एक यादी घेऊ: ९, ५, १२, ५, ९. चार बिटांत ९ म्हणजे १००१, ५ म्हणजे ०१०१ आणि १२ म्हणजे ११००. सुरुवात शून्यापासून. पहिल्या ९ नंतर `r` मध्ये ९. त्यात ५ मिसळला की १००१ आणि ०१०१ मिळून ११००, म्हणजे १२. पुढचा आकडा योगायोगाने १२ च आहे, तेव्हा `r` होतो शून्य. मग ५ आला, `r` झाला ५. शेवटी ९ आला आणि `r` झाला १२. उत्तर बरोबर.

ही यादी मुद्दाम अशी निवडली आहे. फळ्यावर हे गणित करताना मधेच शून्य आलं की उमेदवार चपापतो, आपलं काहीतरी चुकलं असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पण मधल्या पायरीवरच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. तो ‘आतापर्यंत सापडलेला एकटा आकडा’ नाही. यादी संपेपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही.

मग त्यात नेमकं साठत काय जातं? इथे आकडे आडवे वाचायचं सोडून उभे वाचायला हवेत.

```
 9   1 0 0 1
 5   0 1 0 1
12   1 1 0 0
 5   0 1 0 1
 9   1 0 0 1
एकूण  3 3 0 4
```

प्रत्येक रकान्यात १ किती वेळा आला ते मोजलं, तर डावीकडून ३, ३, ०, ४. विषम असेल तिथे १ लिहा, सम असेल तिथे ०. आलं ११००, म्हणजे १२. जोडीत आलेला आकडा प्रत्येक रकान्यात एक तर दोन १ टाकतो, नाहीतर एकही टाकत नाही. म्हणजे तो सम-विषमपणाला धक्काच लावत नाही. रकाना विषम झाला तर तो एकट्या आकड्यामुळेच. एक्सॉर म्हणजे सगळ्या रकान्यांची सम-विषम नोंद एकाच वेळी ठेवणारी क्रिया. बत्तीस बिटांच्या आकड्यासाठी बत्तीस नोंदी, आणि त्या सगळ्या मिळून चार बाइटांत.

मूळ प्रश्न आता परीक्षेच्या कामाचा उरलेला नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. चाणाक्ष मुलाखतकार तो विचारतो तो पुढच्या प्रश्नाची वाट करण्यापुरता: बरं, बाकीचे आकडे दोनदा नसून तीनदा आले असतील तर?

ज्याने ‘एक्सॉर करायचं’ एवढंच पाठ केलंय तो इथे अडकतो, कारण तीनदा आलेला आकडा एक्सॉरमध्ये नाहीसा होत नाही, एकदा शिल्लक राहतो. ज्याने रकाने पाहिलेत त्याला फारसं काही बदलावं लागत नाही. ३, ६, ११, ३, ६, ३, ६ ही यादी घ्या. चार बिटांत ३ म्हणजे ००११, ६ म्हणजे ०११० आणि ११ म्हणजे १०११. रकान्यांतले १ मोजले तर डावीकडून १, ३, ७, ४. प्रत्येकाला तीनने भागून बाकी घ्या: १, ०, १, १. हाच ११. दोनने भागून बाकी घ्यायची ती सम-विषमता, तीनने भागायचं झालं तर फक्त भाजक बदलला. पाच वेळा आले असतील तर पाचने भागायचं.

या प्रश्नाचं दोन ओळींतलं एक चलाख उत्तरही आहे. त्यात `ones` आणि `twos` अशी दोन चलं ठेवून सगळ्या रकान्यांची तीनपर्यंतची मोजणी एकदम केली जाते. ते दिसायला झोकदार आहे, पण ते खरडून गप्प बसणारा उमेदवार आणि रकाने मोजून शांतपणे समजावणारा उमेदवार यांत दुसराच उजवा मानायला हवा.

रकाने मोजण्याच्या पद्धतीत पायथनवाल्यांसाठी एक खड्डा आहे. सी किंवा जावात साधारण पूर्णांक बत्तीस बिटांचा असतो आणि सर्वांत डावा बिट १ असेल तर आकडा ऋण समजला जातो. पायथनमध्ये पूर्णांकाला रुंदीच नाही, तो हवा तेवढा वाढतो. त्यामुळे बत्तीस रकान्यांची बाकी जोडून उत्तर तयार केलं आणि एकटा आकडा −४ असला, तर पडद्यावर येतं 4294967292. इतका अवाढव्य आकडा दिसला की समजावं, हा २ च्या ३२ व्या घातातून ४ वजा झालेला आहे आणि डावा बिट ऋण चिन्ह म्हणून वाचलाच गेलेला नाही. उत्तर २ चा ३१ वा घात किंवा त्याहून मोठं आलं तर त्यातून २ चा ३२ वा घात वजा करायचा, की −४ परत मिळतो. दोनदावाल्या मूळ प्रश्नात, सरळ `^` वापरताना, ही अडचण येत नाही.

याच कुळातला आणखी एक प्रश्न लीटकोडवर २६० व्या क्रमांकावर आहे. बाकीचे सगळे दोनदाच, पण एकटे आकडे दोन. यादी घेऊ: ९, ७, १२, ७, ९, १०. सगळ्यांचा एक्सॉर केला की जोड्या गळून पडतात आणि १२ व १० यांचा एक्सॉर उरतो: ११०० आणि १०१० मिळून ०११०, म्हणजे ६. दोन अज्ञात आकडे आणि हातात माहिती एवढीच. नुसत्या ६ वरून ते दोघं कोण हे कोणालाच सांगता येणार नाही, ५ आणि ३ यांचा एक्सॉरही ६ च होतो.

पण ६ मध्ये एक धागा आहे. त्यातला जो बिट १ आहे, त्या जागी हे दोन आकडे एकमेकांहून वेगळे आहेत, नाहीतर तिथे ० आला असता. असा कुठलाही एक बिट निवडायचा आणि सगळी यादी दोन गटांत वाटायची: तो बिट असलेले एका गटात, नसलेले दुसऱ्यात. दोघं एकटे आता वेगवेगळ्या गटांत गेले. जोड्या मात्र फुटत नाहीत, कारण सारख्या आकड्यांचे बिटही सारखेच. आपल्या यादीत उजवीकडून दुसरा बिट घेतला तर एका गटात ७, ७, १० आणि दुसऱ्यात ९, १२, ९. आता मूळचाच सोपा प्रश्न दोनदा सोडवायचा.

सर्वांत उजवा १ वेगळा काढायला `x & -x` असं लिहितात. कॉम्प्युटरमध्ये ऋण आकडा म्हणजे सगळे बिट उलटे करून त्यात १ मिळवलेला. ६ म्हणजे ०११०, उलटे केले की १००१, एक मिळवला की १०१०. दोन्हींत सामाईक १ फक्त एका जागी उरतो: ००१०. याचं भावंड म्हणजे `x & (x-1)`. ते उजवीकडचा तोच १ पुसून टाकतं, आणि असं शून्य येईपर्यंत किती वेळा करावं लागलं यावरून आकड्यात १ किती आहेत ते कळतं. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकात १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे स्वाध्याय म्हणून दिलं आहे, त्यामुळे प्रोग्रामर त्याला कर्निघनचं नाव लावून मोकळे होतात. पीटर वेग्नर यांनी मात्र ते १९६० मध्येच छापलं होतं.

गट पाडताना सी भाषेत एक चूक हमखास होते.

```
if (x & bit == 0) a ^= x;
else              b ^= x;
```

वाचायला हे अगदी बरोबर वाटतं. पण सी मध्ये `==` चा मान `&` च्या आधी आहे. कंपायलर पहिल्यांदा `bit == 0` तपासतो, ते खोटं असतं, म्हणजे ०. मग `x & 0`, म्हणजेही ०. अट कधीच खरी होत नाही, सगळेच आकडे `b` च्या गटात जाऊन पडतात आणि कार्यक्रम कसलीही तक्रार न करता उत्तरं देतो: ० आणि ६. हीच चुकीची खूण. दोन उत्तरांपैकी एक शून्य आणि दुसरं सगळ्यांच्या एकत्र एक्सॉरइतकं आलं, की गट पडलेच नाहीत असं समजावं आणि `(x & bit) == 0` असा कंस घालावा. पायथनमध्ये हा मान उलटा असल्यामुळे तिथे कंसाशिवायही चालतं. जावा तर असली ओळ कंपाइलच करत नाही. पायथनवर सराव करून सी मध्ये मुलाखत देणारे नेमके इथे सापडतात.

याहून मोठा धोका कोडमध्ये नसून प्रश्नाच्या पहिल्या वाक्यात आहे. ‘प्रत्येक आकडा बरोबर दोनदा’ हे वचन पाळलं गेलं आहे की नाही, हे एक्सॉर तपासत नाही, तपासूच शकत नाही. यादीत १, २, ३ एवढेच तीन आकडे घाला, तिघंही एकटे. उत्तर येतं शून्य, जो यादीत नाहीच. ५, ५, ५ अशी यादी दिली तर ठामपणे ५ सांगितलं जातं. यादीची लांबी पाहून थोडी शंका घेता येते. एकच एकटा असेल तर लांबी विषमच हवी, त्यामुळे सम लांबीची यादी आली की वचन नक्कीच मोडलंय. पण १, २, ३ ची लांबी विषमच आहे, तिथे ही तपासणी कामाची नाही. शेवटी आलेलं उत्तर घेऊन यादीवरून आणखी एकदा जायचं आणि ते बरोबर एकदाच येतंय का ते मोजायचं, हा स्वस्त उपाय. त्याला जास्तीची जागा लागत नाही आणि १, २, ३ पकडले जातात. तरी काही याद्या निसटतातच. उदाहरणार्थ १, २, ३, ८, ९ ची यादी घ्या. पहिल्या तिघांचा एक्सॉर शून्य, ८ आणि ९ चा १, म्हणून उत्तर १. तो यादीत बरोबर एकदाच आहे, आणि बाकीचे चौघंही एकटेच आहेत. खात्री हवी असेल तर प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजावंच लागतं.

इतकी नाजूक युक्ती मुलाखतीबाहेर कुठे उपयोगी पडते असं कोणाला वाटेल. ती सर्व्हरच्या डिस्कमध्ये रोज राबते. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून ‘रेड’ या कल्पनेवर निबंध लिहिला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतली एक बंद पडली तरी माहिती वाचवायची, ही ती कल्पना. तिच्यातल्या ‘रेड ५’ या प्रकारात प्रत्येक पट्ट्यातल्या माहितीचा एक्सॉर काढून तो आणखी एका डिस्कवर ठेवतात. तीन डिस्कवर ९, ७ आणि १२ असेल, तर चौथीवर जाईल २. आता ७ वाली डिस्क जळाली असं धरा. उरलेल्या ९, १२ आणि २ यांचा एक्सॉर करा: १००१ आणि ११०० मिळून ०१०१, त्यात ००१० मिसळला की ०१११, म्हणजे ७. हरवलेली माहिती बिटन् बिट परत आली. मुलाखतीतला एकटा आकडा आणि इथली हरवलेली डिस्क एकाच गणिताने सापडतात, कारण चारही आकड्यांचा एक्सॉर मिळून शून्य यायलाच हवा असतो.

फरक आहे तो दोन गहाळ झाल्यावर. मुलाखतीत दोन एकटे असले तरी ते यादीत हजर असतात, म्हणून गट पाडून त्यांना वेगळं करता येतं. डिस्कच्या बाबतीत दोन्ही आकडे नाहीसेच झालेले असतात. गटात वाटायला काही शिल्लक नसतं, आणि हातात उरतो तो फक्त दोघांचा मिळून एक्सॉर. नवी डिस्क बसवून तिच्यावर माहिती परत उतरवायला मोठ्या डिस्कच्या बाबतीत कित्येक तास लागतात, आणि त्या वेळात दुसरी डिस्क गेली तर ‘रेड ५’ पुढे इलाज राहत नाही. म्हणून ‘रेड ६’ मध्ये एक्सॉरच्या जोडीला दुसरी बेरीजही ठेवतात. तिच्यात प्रत्येक डिस्कच्या माहितीला आधी वेगवेगळ्या गुणकाने गुणतात आणि मग एक्सॉर करतात. गुणक वेगळे असल्यामुळे दुसरं समीकरण पहिल्याची नक्कल राहत नाही, आणि दोन समीकरणांतून दोन अज्ञात सुटतात.